इतिवृत्तात नाव चढण्याआधी

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला वर्षभरात एक फोन हमखास येतो. माझ्या मैत्रिणीलाही आला. तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका न्यासाचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, खजिनदारपद तुम्ही घ्या. फार काम नसतं, महिन्यातून एखादी सही." तिची आई अंथरुणाला खिळलेली. काम तिला मनापासून पटत होतं, पण पाच वर्षांचा शब्द देणं शक्य नव्हतं. संकोचापोटी ती म्हणाली, "बघते."

आपल्याकडे "बघते" म्हणजे निम्मा होकार. "सध्या जरा अडचण आहे" याचाही अर्थ दिवाळीनंतर पुन्हा विचारा, असाच घेतला जातो. आठवडाभरात बैठकीच्या निमंत्रणात नियोजित खजिनदार म्हणून तिचं नाव छापून आलं.

इथे घाई करायला हवी, कारण न्यासाचं पद हे नुसतं मानाचं पान नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्याला बैठकीचा ठराव जोडतात, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रंही जोडतात. बहुतेक संस्थांत खजिनदार विश्वस्तांपैकीच एक असतो. पुढे राजीनामा दिला तरी त्याचाही बदल अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होऊन नोंद होईपर्यंत जुनं नाव कार्यालयाच्या दप्तरी राहतं. शिवाय बँकेत सहीचा नमुना दिलेला असतो, तो बदलायला आणखी ठराव. म्हणून नकार द्यायचा तो बैठकीआधी, नाव इतिवृत्तात चढण्याआधी. संमतीपत्रावर सही झालेली नसेल तर सगळं सोपं असतं.

तिने अध्यक्षांना फोन केला आणि पाठोपाठ तेच चार ओळींत लिहून पाठवलं: "खजिनदारपद किंवा विश्वस्तपद मी स्वीकारू शकणार नाही, कृपया माझं नाव ठरावात घेऊ नये. पुढेही जमेल असं वाटत नाही, तेव्हा माझ्यासाठी जागा रिकामी ठेवू नका. यंदाच्या देणगीदारांची यादी मात्र मी लावून देते. 10 मे ते 20 मे या दिवसांत येईन."

आईचं आजारपण तिने त्यात लिहिलं नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. कारण सांगितलं की समोरचा त्यावर तोडगा शोधतो: आईसाठी बाई बघून देतो, बैठक तुमच्या घरी घेतो. तोही आपुलकीनेच, पण त्या आपुलकीला दर वेळी नवं उत्तर द्यावं लागतं.

तिने निवडलेलं कामही नीट पाहण्यासारखं आहे. 80-जी खालची सवलत देणाऱ्या संस्थेला वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण आयकर विभागाला द्यावं लागतं. 2025 च्या मे महिन्यात ते 10बीडी या नमुन्यात, 31 तारखेपर्यंत भरायचं होतं. उशिराला दिवसाला 200 रुपये शुल्क. विवरण भरल्यावरच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. म्हणजे कामाला आरंभ होता आणि शेवटही होता. "हिशेबाला मदत करीन" असं ती म्हणाली असती तर शेवट कुठे, हे कुणालाच कळलं नसतं.

पहिल्या दिवशी तिने पावती पुस्तकांची स्थळप्रत आणि बँकेचा उतारा समोरासमोर ठेवला. तीन प्रकारच्या चुका निघाल्या. मोबाइलवरून आलेल्या काही रकमांची पावतीच फाडलेली नव्हती, उताऱ्यात अर्धवट नाव तेवढं होतं. काही पावत्यांवर पॅन नव्हता. आणि एका देणगीदाराने 5,000 रुपये रोख दिले होते, त्यांना सवलत मिळेल असं तोंडी सांगितलेलं. प्रत्यक्षात 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ती मिळत नाही. त्यांना फोन करून खरं सांगण्याचं अवघड काम तिने अध्यक्षांवर सोपवलं, आणि ते योग्यच झालं. देणगीदाराचं नातं संस्थेशी असतं, दहा दिवसांसाठी आलेल्या माणसाशी नव्हे.

सगळं तिने एकटीने केलं नाही. वसतिगृहाच्या कार्यालयातल्या मुलीला शेजारी बसवलं आणि निम्म्या पावत्या तिच्याकडून लावून घेतल्या. एकदाच करायच्या मदतीत नेमकं हेच राहून जातं. काम सुरेख होतं, पण ते कसं केलं हे पाहुण्यालाच ठाऊक असतं. मग पुढच्या मे महिन्यात फोन पुन्हा त्यालाच. अशा मदतीची मर्यादाही आहे. रोजची रोकड वही लिहिली जात नसेल तर दहा दिवसांची मदत यादी लावील, वही नाही. हे तिने निघताना अध्यक्षांना स्पष्ट सांगितलं.

20 मे रोजी तिने यादी, पॅन न मिळालेल्यांची नावं आणि कपाटाची किल्ली त्या मुलीच्या हाती दिली. वह्या पोचल्याची सही घेतली. संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातूनही त्याच संध्याकाळी, निरोप घेऊन, ती बाहेर पडली.