चेहरा नेमका कशासाठी घेतला होता?

27 नोव्हेंबर 2009 च्या पहाटे फ्लोरिडात आपल्या घरासमोरच टायगर वुड्सची गाडी झाडावर आदळली. जगातल्या या अव्वल गोल्फपटूच्या विवाहबाह्य संबंधांच्या बातम्या त्यानंतर रोज छापून येऊ लागल्या. त्याच्या चेहऱ्यावर पैसे लावलेल्या कंपन्यांपुढे प्रश्न उभा राहिला, करार ठेवायचा की तोडायचा? ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीने 13 डिसेंबरला करार संपवला, वर्षअखेरीला एटी अँड टीही बाजूला झाली. नाइकी मात्र त्याच्यासोबत राहिली. माणूस तोच आणि भानगडही तीच असताना निर्णय वेगळे का झाले? जाहिरातशास्त्रातल्या ‘मॅच-अप’ म्हणजे मेळाच्या कल्पनेत याचे बरेचसे उत्तर सापडते.

ही कल्पना अशी की केवळ प्रसिद्ध माणूस आणून भागत नाही, त्याची ओळख आणि वस्तूची गरज एकमेकांशी जुळावी लागते. मायकेल कामिन्स यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. देखणा टॉम सेलेक आणि तितकाच नामांकित, पण देखणेपणासाठी न ओळखला जाणारा टेली सवालास अशा दोन अभिनेत्यांना त्यांनी आलिशान मोटार आणि घरगुती संगणक यांच्या जाहिरातींत दाखवले. मोटारीसाठी सेलेक अधिक विश्वासार्ह वाटला. संगणकाच्या बाबतीत देखणेपणाचा तसा उपयोग झाला नाही. मोटार मिरवायची असते, म्हणून तिथे रूप कामाला आले. संगणक घेणाऱ्याला रूपाशी काय देणेघेणे?

वुड्सच्या बाबतीत नाइकीचा मेळ थेट होता. 2000 मध्ये त्याने जुना चेंडू सोडून नाइकीचा चेंडू घेतला आणि त्याच वर्षी यूएस ओपन स्पर्धा 15 फटक्यांच्या फरकाने जिंकली. चेंडू चांगला आहे हे मैदानावरच दिसले, वेगळे पटवून देण्याची गरज उरली नाही. ॲक्सेंचरचे तसे नव्हते. गोल्फचा आणि व्यवसाय-सल्ल्याचा प्रत्यक्ष संबंध काहीच नाही. वुड्सचा संयम, अचूक निर्णय आणि स्वतःवरचा ताबा हे गुण कंपनीने उसने घेतले होते. भानगडीने नेमका त्याच गुणांवर घाव घातला. त्यामुळे विमानतळांवरचे त्याचे फलक उतरवावे लागले आणि पुढच्या जाहिरातींत ॲक्सेंचरने हत्तीसारखे प्राणी आणले. त्यांच्या खासगी आयुष्याची बातमी होण्याची भीती नव्हती!

चेंडूच्या विक्रीला झळ नाइकीलाही बसली. पण कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा दहा वर्षांत वुड्समुळे चेंडूंच्या धंद्यात सुमारे 10 कोटी डॉलरचा जादा नफा झाल्याचे दिसले. भानगडीनंतरही त्याला सोडण्यापेक्षा ठेवणेच फायद्याचे होते, असाही त्यांचा निष्कर्ष होता. नवरा म्हणून तो चुकला असेल, पण त्याचा फटका खोटा ठरला नव्हता.

म्हणजे नाइकी फार निष्ठावान होती का? तसे नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगविरुद्ध उत्तेजक द्रव्यांचे पुरावे जाहीर झाले, तेव्हा याच नाइकीने त्याच्याशी करार तोडला. इथे ज्या खेळातल्या पराक्रमासाठी चेहरा घेतला, तो पराक्रमच खोटा निघाला होता. घोटाळा किती मोठा आहे यापेक्षा तो कोणत्या गुणावर पडला हे अधिक महत्त्वाचे ठरते.

अशा प्रसंगासाठी करारात वर्तनाचे कलम असते. प्रसिद्ध व्यक्तीच्या वागण्याने कंपनीची बदनामी झाली, तर करार संपवता येतो. खरी घासाघीस तपशिलावर होते. नुसता आरोप पुरेसा की गुन्हा सिद्ध व्हायला हवा? बदनामी झाली हे ठरवणार कोण? दिलेले पैसे परत मिळणार का? हे मोघम राहिले तर भांडण कोर्टात जाते.

धोका उलट्या दिशेनेही असतो. आपल्याकडच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीला 10 लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एक वर्ष जाहिरात करण्यावर बंदीही येऊ शकते. दाव्यांची योग्य ती शहानिशा केल्याचे दाखवता आले, तर ती व्यक्ती यातून सुटते.

म्हणून कंपनीने करारावर सही करण्यापूर्वी एक वाक्य लिहून ठेवावे: या माणसाचा कोणता गुण आपण विकत घेत आहोत? तो गुण वस्तूच्या वापराशी जोडलेला असेल, तर खासगी भानगडीतूनही नाते तगू शकते. केवळ चारित्र्याची झळाळी हवी असेल, तर पहिल्याच बातमीला फलक उतरवायची तयारी ठेवावी. वुड्स आणि नाइकी यांची सोबत जानेवारी 2024 पर्यंत टिकली.