लग्न बारा तारखेला, विमा कधीपासून?

हळद, लग्न, सत्यनारायण, जेजुरी, मग चार दिवस फिरून येणं. नवरदेव कामावर रुजू होतो तेव्हा तीन आठवडे सहज उलटलेले असतात. ऑफिसात पेढे वाटले जातात, एचआरची माणसंही ते खातात. पण पेढे खाल्ल्याने बायकोचं नाव ग्रुप मेडिक्लेममध्ये चढत नाही. त्यासाठी लेखी कळवावं लागतं, आणि तेही मुदतीत.

ही मुदत बहुतेक कंपन्यांत लग्नाच्या तारखेपासून तीस दिवसांची असते. काही ठिकाणी त्याहून थोडी कमी किंवा जास्त. ग्रुप पॉलिसीत सहसा वैद्यकीय तपासणी नसते, जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. अशी सवलत असताना वर्षभर केव्हाही नावं घालू दिली, तर आजारी पडल्यावरच लोक जोडीदाराचं नाव आणून देतील, अशी विमा कंपनीला धास्ती असते. म्हणून पॉलिसीच्या मध्यावर नाव घालायला लग्न किंवा मुलाचा जन्म असं ठोस कारण लागतं. मुदत हुकली, तर सहसा पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

समजा, पुण्यातल्या एका तरुणाचं लग्न 12 डिसेंबरला झालं. कंपनीची पॉलिसी 1 एप्रिल ते 31 मार्च. मुदत तीस दिवसांची, म्हणजे 11 जानेवारीपर्यंत हातात वेळ आहे. आता अडचण कागदाची. महाराष्ट्रात 1998च्या कायद्यानुसार विवाहनोंदणीसाठी नव्वद दिवस मिळतात, त्यामुळे घरात कुणालाच घाई नसते. एचआर मात्र विवाह प्रमाणपत्र मागतं. प्रमाणपत्र येईपर्यंत थांबू म्हणणारे इथेच फसतात. आधी पत्र पाठवावं आणि कागद मागाहून चालेल का, ते पत्रातच विचारावं. तीन ओळींचा मजकूर पुरे होत नाही, पण पानभरही लागत नाही. साधारण असं:

“महोदय, माझा विवाह 12 डिसेंबर रोजी झाला आहे. पत्नीचं नाव ग्रुप आरोग्य विम्यात समाविष्ट करावं, ही विनंती. तिचं आधार कार्डावरील नाव, जन्मतारीख आणि आधारची प्रत सोबत जोडली आहे. विवाहनोंदणीचा अर्ज केला असून त्याची पावती जोडत आहे. प्रमाणपत्र मिळताच सादर करेन. तोवर ही पावती किंवा लग्नपत्रिका चालेल का? नाव घालण्याची अंतिम तारीख कोणती? संरक्षण लग्नाच्या तारखेपासून धरलं जाईल, की नोंद झाल्याच्या तारखेपासून? वाढीव हप्ता असल्यास तो कंपनी भरेल, की माझ्या पगारातून कापला जाईल? कृपया लेखी कळवावं.”

यातला तारखेचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. 1938च्या विमा कायद्यातल्या 64व्हीबी कलमानुसार हप्ता हाती आल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. म्हणून कंपन्या तिच्याकडे आगाऊ रक्कम ठेवतात. एचआरच्या भाषेत ‘सीडी बॅलन्स’. नवी नावं आली की हप्ता त्यातून वळता होतो. ती रक्कम संपलेली असेल, तर एचआरने यादी पाठवूनही नाव लटकून राहतं.

हप्ता उरलेल्या दिवसांपुरताच असतो. पत्नीचा वर्षाचा हप्ता 7,300 रुपये धरला, तर दिवसाला 20 रुपये पडतात. 12 डिसेंबर ते 31 मार्च हे 110 दिवस. म्हणजे 2,200 रुपये. पगारातून याहून बरीच मोठी रक्कम कापली गेली, तर हिशेब मागायला लाजू नये. आणखी एक गोष्ट: फॅमिली फ्लोटरमध्ये माणूस वाढलं तरी विम्याची रक्कम वाढतेच असं नाही. पाच लाख असतील, तर त्याच पाच लाखांत आता दोघं.

नावाचा घोळ खास आपल्याकडचा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आधार मात्र माहेरच्याच नावावर असतं. फॉर्मवर सासरचं नाव, ओळखपत्रावर माहेरचं, म्हटल्यावर रुग्णालयाच्या कॅशलेस खिडकीवर अडवणूक ठरलेली. आज हातातल्या ओळखपत्रावर जे नाव आहे तेच द्यावं. आधार बदलल्यावर दुरुस्ती मागावी. नोकरी बायकोची असेल आणि नवऱ्याचं नाव घालायचं असेल, तर एवढा एक ताप वाचतो.

पत्राला ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं किंवा पोर्टलवर नाव दिसू लागलं, तरी काम झालेलं नसतं. एचआर महिन्याची नावं एकत्र करून पाठवतं, विमा कंपनी पॉलिसीला पुरवणी जोडते, त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात. मग टीपीए, म्हणजे दावे हाताळणारी संस्था, ई-कार्ड काढते. त्या कार्डावर पत्नीचा स्वतंत्र सदस्य क्रमांक असतो. दोन-तीन आठवड्यांत ते आलं नाही, तर त्याच पत्राला उत्तर म्हणून एचआरला पुन्हा लिहावं आणि एन्डॉर्समेंटची प्रत मागावी. संरक्षण कुठल्या तारखेपासून सुरू झालं, हे त्या प्रतीवर छापलेलं असतं.