बाजार बंद झाल्यावर येणारी ईमेल

शेअर बाजारात नवा आलेला माणूस पहिले काही आठवडे दिवसभर मोबाइल बघत राहतो. सव्वानऊला बाजार उघडतो, साडेतीनला बंद होतो आणि मधल्या वेळात हातातल्या कामाकडे लक्ष राहत नाही. हे बघण्याचे काम ठरल्या वेळी संगणकाने करावे, अशी सोय घरच्या घरी लावता येते. मी ती गूगल शीटमध्ये लावली आहे. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असे मला वाटते, कारण त्यात काय चालले आहे ते उघड दिसते.

शीटच्या एका रकान्यात खरेदीचा भाव आपण हाताने लिहायचा. शेजारच्या रकान्यात आजचा भाव आणणारे सूत्र टाकायचे आणि त्याच्या पुढच्या रकान्यात दोहोंतला फरक काढायचा:

```
=GOOGLEFINANCE("NSE:RELIANCE","price")
=C2/B2-1
```

शीटला जोडलेल्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये चार-सहा ओळी लिहून रोज दुपारी चार ते पाचच्या दरम्यान तपासणी लावता येते. फरक उणे आठ टक्क्यांच्या खाली गेला, की ईमेल येते. आठ हा आकडा आपला. तो शांत डोक्याने आधीच ठरवलेला असतो, आणि नवख्याला होणारा सगळ्यात मोठा फायदा तोच. भाव पडत असताना ठरवायला बसलेला माणूस वेगळाच आकडा ठरवतो.

पण ही व्यवस्था आकडे वाचते, त्यांचा अर्थ तिला कळत नाही. समजा, ऑक्टोबर २०२४च्या सुरुवातीला कोणी रिलायन्सचे दहा शेअर्स २,८०० रुपयांच्या भावाने घेतले. २८ ऑक्टोबरला त्या शेअरचा भाव सुमारे १,३३५ रुपये होता. शीटने ५२ टक्के तोटा दाखवला असता आणि ईमेल येऊन धडकली असती. प्रत्यक्षात कंपनीने एकास एक बोनस दिला होता आणि त्या दिवसापासून भाव निम्म्यावर आला होता. दहाचे वीस शेअर्स झाले होते. २८,००० रुपयांचे २६,७०० झाले, म्हणजे घट साडेचार टक्क्यांच्या आसपास. आपली आठ टक्क्यांची रेषा ओलांडलीच नव्हती! बोनसचे शेअर्स खात्यात दिसायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे अशा दिवशी डीमॅट खाते उघडून पाहिले तरी घाबरगुंडी उडू शकते. भाव एकाच रात्रीत जवळजवळ नेमका निम्मा किंवा एक पंचमांश झालेला दिसला, तर आधी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणा पाहाव्यात. बोनस किंवा शेअर-विभाजन असेल, तर शीटमधला खरेदीचा भाव त्या प्रमाणात आपल्यालाच बदलावा लागतो.

याहून फसवी चूक आवाज न करता होते. एखाद्या दिवशी सूत्राला भाव मिळत नाही आणि रकान्यात `#N/A` येते. ते आठ टक्क्यांपेक्षा कमीही ठरत नाही आणि जास्तही, म्हणून ईमेल येत नाही. आपण समजतो, सगळे ठीक आहे. काही जण ती खूण नको म्हणून तिच्या जागी शून्य दाखवणारे सूत्र लिहितात. मग शेअर शंभर टक्के बुडाल्याचा निरोप येतो. म्हणून तुलना करण्याआधी मिळालेला भाव खरोखर आकडा आहे का, हे `ISNUMBER` वापरून तपासून घ्यावे. आणि काही घडले नसले तरी "आज बारापैकी बारा भाव मिळाले" एवढी एक ओळ रोज मागवावी. ती ओळ आली नाही, की शीट उघडून बघायचे.

ही व्यवस्था शेअर विकत नाही, फक्त कळवते. गूगलचे भाव वीस मिनिटांपर्यंत उशिराचे असू शकतात, त्यामुळे क्षणाक्षणाच्या व्यवहारासाठी ती कामाची नाही. आपोआप ऑर्डर टाकणारी यंत्रणा ही वेगळी गोष्ट आहे, ती ब्रोकरमार्फत आणि सेबीच्या नियमांतच चालते. नवख्याने इतक्यात तिकडे जाऊ नये.

तपासणी किती वेळा लावावी, हे मला तरी ४ जून २०२४ने शिकवले. आदल्या दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक चढून २३,२६३वर बंद झाला होता. त्या संध्याकाळी कोणत्याही शीटने धोक्याची ईमेल पाठवली नसती, कारण आकड्यांत धोका दिसतच नव्हता. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले आणि निर्देशांक जवळजवळ सहा टक्के कोसळला. दर पाच मिनिटांनी तपासणी लावणाऱ्याला त्या दिवशी निरोपांवर निरोप आले असते. ७ जूनच्या शुक्रवारी निफ्टी २३,२९०वर, म्हणजे पडझडीच्या आधीच्या पातळीच्याही वर बंद झाला. दर पडझड अशी भरून येत नाही. तरीही त्या आठवड्यानंतर मी निर्देशांकाच्या ओळीची तपासणी रोजची काढून शुक्रवारची केली. एकेका कंपनीची मात्र रोजचीच ठेवली आहे, कारण एकट्या कंपनीला लागलेला फटका चार दिवसांत भरून येईल अशी अपेक्षा धरता येत नाही.