सकाळी आखडणारी बोटं

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यावर, मासिक पाळी थांबलेल्या अनेक स्त्रियांना लेट्रोझोलची २.५ मिलिग्रॅमची गोळी रोज, साधारण ५ वर्षं घ्यावी लागते. पाळी थांबली तरी चरबीत थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. काही गाठी त्यावरच पोसतात, म्हणून ही गोळी ते बनूच देत नाही.

पण इस्ट्रोजेन घटलं की सांधे कुरकुरतात. समजा, गोळी सुरू होऊन दोन महिने झालेत. सकाळी चहाचा कप धरताना बोटं वळत नाहीत. हालचाल सुरू झाली की मोकळी होतात. असं दुखणं बहुधा गोळीचंच असतं. एकाच हाडात ठणका असेल, रात्रीही थांबत नसेल, तर मात्र तपासणी हवी.

आठवड्यात १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनांचा व्यायाम यांनी दुखणं कमी होतं, असं अभ्यासात दिसलं आहे. तरीही त्रास राहिला, तर डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून दुसरी देतात; एक सोसली नाही तरी दुसरी सोसू शकते. हाडं ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा तपासणीही करून घ्यावी.

गोळी परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना सांगा.