एकाच मांडीचे दोन आकडे
लेखमाला : ताकदीचं रसायन (भाग ६)

मागच्या भागात आपण पाहिलं की जोराच्या पहिल्या काही सेकंदांत स्नायू फॉस्फोक्रिएटिनवर चालतो. तो भाग वाचून देवणीच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी एक रास्त प्रश्न विचारला. क्रिएटिनची पावडर घेतल्यावर स्नायूतला साठा किती वाढतो, याची उत्तरं ते वाचत होते. कुठे १० टक्के होतं, कुठे २०, तर कुठे चक्क ३७. 'स्नायू पूर्ण भरला' असं सगळेच म्हणतात, मग भरल्यावरचा आकडा सगळीकडे सारखा का नाही? कोणीतरी खोटं बोलतंय का?

कोणी खोटं बोलत नाही. मात्र हे उत्तर समजायला आकडा कुठून येतो ते पाहावं लागतं, आणि तो येतो मांडीत खुपसलेल्या एका सुईतून.

स्वीडनचे डॉक्टर योनास बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ साली स्नायूचा तुकडा काढायची पोकळ सुई प्रचारात आणली. आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूवर, कातडी आणि त्याखालच्या पडद्यापुरती भूल देतात. स्नायूत भूल सोडत नाहीत, कारण तिथलंच रसायन मोजायचं असतं. मग अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास चीर देऊन सुई आत घालतात. सुईला बाजूने खिडकी असते, तिच्यात आलेला स्नायू आतलं पातं कापतं. हाती येतो साधारण शंभर मिलिग्रॅमचा तुकडा, म्हणजे तुरीच्या एका दाण्याएवढा. तो काही सेकंदांत द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवतात.

पुढचं काम सावकाशीचं. गोठलेला तुकडा निर्वातात सुकवतात, तेव्हा पाणी उडून जातं आणि शंभर मिलिग्रॅमचे वीस-पंचवीस उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून त्यातलं रक्त, चरबी आणि पांढरे बंधधागे चिमट्याने वेचून काढतात, आणि उरलेल्या धाग्यांची पूड करतात. पूड परक्लोरिक आम्लात घोळली की प्रथिनं तळाशी बसतात व क्रिएटिन द्रावात उतरतं. शेवटी एन्झाइमच्या साहाय्याने मोकळं क्रिएटिन आणि फॉस्फोक्रिएटिन वेगवेगळं मोजतात. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण क्रिएटिन. ते 'एक किलो सुक्या स्नायूत इतके मिलिमोल' असं लिहितात.

सुक्या वजनावर का, हे लातूर-उदगीरच्या बाजारात सोयाबीन घालणाऱ्याला सांगायला नको. ओला माल आणि सुका माल एका भावात तोलता येत नाही, आणि वजनात माती-काडी किती हेही बघावं लागतं. स्नायूचं तसंच आहे. रॉजर हॅरिस आणि एरिक हल्टमन यांनी १९७४ साली ८१ निरोगी माणसांच्या मांडीतल्या तुकड्यांवरून जी सरासरी काढली, ती सुक्या किलोमागे सुमारे १२४ मिलिमोल आहे. तोच स्नायू ओला तोलला तर आकडा २९ च्या आसपास येतो. एखाद्या लेखात २९ आणि दुसऱ्यात १२४ दिसलं तर घाबरायचं कारण नाही, माल तोच आहे.

माती-काडीची अडचण मात्र जास्त गंभीर आहे. समजा सुकी पूड १० मिलिग्रॅम आहे आणि त्यात १ मिलिग्रॅम बंधधागे राहिले. बंधधाग्यांत क्रिएटिन जवळपास नसतंच. मग १२४ चा स्नायू कागदावर ११२ चा होतो. आता त्याच माणसाचा पंधरा दिवसांनी दुसरा तुकडा काढला आणि तो नीट साफ निघाला, तर आकडा पुन्हा १२४ येईल. या माणसाने चिमूटभर पावडर घेतलेली नाही, तरी अहवालात ११ टक्के 'वाढ' दिसेल.

इथे या क्षेत्रातली एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. व्यायामावरच्या बायॉप्सीच्या अभ्यासांत हा कचरा वजा करायची जुनी सोय आहे. व्यायामाने फॉस्फोक्रिएटिन तुटतं, पण तुटलेलं क्रिएटिन स्नायूतच राहतं, म्हणून एकूण क्रिएटिन स्थिर धरतात आणि बाकीचे आकडे त्याच्याशी जुळवून घेतात. पण क्रिएटिन खायला दिलेल्या अभ्यासात नेमकी तीच गोष्ट बदलत असते. म्हणजे ज्या मापाने इतर सगळे कचऱ्याची दुरुस्ती करतात, ते माप इथे वापरता येत नाही. काही प्रयोगशाळा त्याऐवजी एटीपीचा आधार घेतात, काही नुसत्या हाताच्या सफाईवर विसंबतात. माझ्या मते आकड्यांतल्या बऱ्याच तफावतीचं मूळ इथे आहे, आणि लेखाच्या सारांशात ते कधीच दिसत नाही.

सुईचा आणखी एक दोष आहे. तुकडा कापला जाताना स्नायू क्षणभर दचकतो आणि थोडं फॉस्फोक्रिएटिन तुटून मोकळं क्रिएटिन होतं. बेरीज बदलत नाही, पण वाटणी बदलते. बायॉप्सीत एकूण क्रिएटिनपैकी साधारण ६० टक्के फॉस्फोक्रिएटिनच्या रूपात दिसतं. न कापता, बाहेरून स्कॅन केलं की हाच वाटा त्याहून बराच जास्त, ८० टक्क्यांच्या जवळ निघतो. म्हणून बायॉप्सीच्या अभ्यासात एकूण आकड्यावर भरवसा ठेवावा, वाटणीवर जपून.

स्कॅनचं यंत्र म्हणजे एमआरआयचंच चुंबक, पण ते चित्र काढत नाही, अणूंचे संकेत ऐकतं. फॉस्फरसवर जुळवलेली तार पोटरीला किंवा मांडीला लावली की फॉस्फोक्रिएटिनचं एक उंच शिखर आणि एटीपीची तीन छोटी शिखरं मिळतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी असलेली यंत्रं सहसा फक्त हायड्रोजन ऐकतात. फॉस्फरससाठी वेगळी तार आणि वेगळं प्रक्षेपण लागतं, त्यामुळे हे काम संशोधन संस्थांतच होतं.

शिखरांवरून मिळतं ते गुणोत्तर : फॉस्फोक्रिएटिन एटीपीच्या किती पट. विश्रांतीत ते चारच्या आसपास असतं. त्याला मिलिमोलचं रूप द्यायला एटीपी किती आहे ते माहीत हवं, आणि ते यंत्र स्वतः सांगत नाही. मग बहुतेक संशोधक पेशीतल्या पाण्याच्या एका लिटरमागे ८.२ मिलिमोल असा ठरलेला आकडा धरतात. चार गुणिले ८.२, म्हणजे ३३ मिलिमोल फॉस्फोक्रिएटिन. हा ८.२ जुन्या बायॉप्सींच्याच मोजणीतून आला आहे. सुई न टोचणारा स्कॅन अशा रीतीने सुईवरच उभा आहे. एखाद्याच्या स्नायूत एटीपी खरोखर ७.४ असेल, तर त्याचं फॉस्फोक्रिएटिन ३० च्या खाली असूनही अहवालात ३३ लिहिलं जाईल.

आता मुलांच्या प्रश्नातल्या १० आणि २० टक्क्यांकडे येऊ. हिशेबासाठी एक मांडी धरा. सुरुवातीला एकूण १२० : त्यात ७६ फॉस्फोक्रिएटिन, ४४ मोकळं. पावडरीनंतर एकूण १४५ : ८४ फॉस्फोक्रिएटिन, ६१ मोकळं. वाढीचा मोठा वाटा मोकळ्या क्रिएटिनला मिळतो, हे बायॉप्सीच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. बायॉप्सी करणारा लिहील, साठा २१ टक्के वाढला. फॉस्फरसचा स्कॅन करणाऱ्याला मोकळं क्रिएटिन दिसतच नाही, कारण त्यात फॉस्फरस नाही. तो ७६ चे ८४ झालेले पाहील आणि लिहील, वाढ साडेदहा टक्के. माणूस तोच, मांडी तीच, दिवसही तोच.

हायड्रोजनचा स्कॅन दोन्ही रूपं एकत्र मोजतो, म्हणून तो बायॉप्सीच्या बेरजेशी ताडता येतो. पण त्याला मोजपट्टी म्हणून स्नायूतलं पाणी लागतं, आणि धाग्यांमधल्या चरबीचा संकेत शेजारीच गर्दी करतो. पाय चुंबकात कोणत्या कोनात ठेवला यावरही क्रिएटिनच्या एका शिखराचं रूप बदलतं. त्यातून स्कॅन पुष्कळदा पोटरीचा करतात आणि सुई मांडीत घालतात. पोटरीच्या खोल भागात संथ धागे जास्त, आणि संथ धाग्यांत विश्रांतीतलं फॉस्फोक्रिएटिन चपळ धाग्यांपेक्षा कमी असतं.

राहिले ३७ टक्के. ते १९९२ च्या गाजलेल्या अभ्यासातून येतात. हॅरिस, सोडरलुंड आणि हल्टमन यांनी क्रिएटिन घेणाऱ्या काही जणांना रोज तासभर एकाच पायाने जोराचा व्यायाम करायला लावला. सुरुवातीची सरासरी ११८.१ होती. बसून राहिलेल्या पायात ती १४८.५ झाली, म्हणजे २६ टक्के वाढ. राबलेल्या पायात १६२.२ झाली, ते झाले ३७ टक्के. एकाच रक्तातून, एकाच मात्रेतून दोन पायांनी वेगवेगळं उचललं. 'स्नायूत जास्तीत जास्त १६० मावतात' असं जे सांगितलं जातं, ती सीमा कोणी भांड्याची क्षमता मोजून काढलेली नाही. बहुतेकांचे आकडे तिथपर्यंत जाऊन थांबलेले दिसले, एवढाच तिचा आधार आहे. सुई कोणत्या पायात गेली यावर ती सरकते.

सरासरीचाही एक सापळा आहे. ग्रीनहॅफ आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली आठ जणांना पाच दिवस रोज २० ग्रॅम दिलं. पाच जणांत सरासरी २९ मिलिमोल वाढ झाली, उरलेल्या तिघांत जेमतेम आठ-नऊ. आठांची सरासरी काढली तर २१ येते, आणि ती या दोन्ही गटांपैकी एकालाही लागू पडत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेत योगायोगाने कमी वाढणारे चार जण आले तर तिचा निष्कर्ष वेगळा निघणार, पद्धत कितीही चोख असो.

कोणाचं जास्त वाढतं? ज्याचा साठा आधी कमी असतो त्याचं. आहारातलं क्रिएटिन मांस आणि मासळीतून येतं. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी यांतून नाही, दुधातून अगदी थोडं. शाकाहारी माणसाचं शरीर ते स्वतः बनवतं, पण त्याच्या स्नायूतला साठा बायॉप्सीत सरासरीने कमी आढळलेला आहे. समजा एक जण ११५ वरून १५० वर गेला आणि दुसरा १३० वरून १५० वर. दोघं एकाच ठिकाणी पोचले, पण पहिल्याची वाढ ३० टक्के आणि दुसऱ्याची १५. शाकाहारी घरातल्या मुलाने मांसाहारी स्वयंसेवकांवरचा टक्का स्वतःला लावू नये, आणि डब्यावर मोठा टक्का छापलेला असेल तर तो कोणावर मोजला होता हे आधी विचारावं. टक्क्यापेक्षा आधीचा आणि नंतरचा असे दोन पूर्ण आकडे, कोणत्या स्नायूचे, ओल्या वजनावर की सुक्या, एवढं मिळालं की तुलना करता येते.

पुढच्या आठवड्यात सुई आणि चुंबक दोन्ही बाजूला ठेवून लघवीकडे वळू. जड हायड्रोजनची खूण केलेलं थोडंसं क्रिएटिन तोंडाने देऊन, काही दिवसांनी लघवीतल्या क्रिएटिनिनवरून शरीरातला सगळा साठा मोजण्याची पद्धत आता वापरात येत आहे.