मुठीतली दोन-चार मिलिमीटरची ढील

एक्सिलरेटरची मूठ सोडली की ती आपसूक, टक्कन मागे आली पाहिजे. ती सावकाश येत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. ब्रेक दाबला तरी इंजिन पुढे ओढत राहणं फार धोक्याचं आहे.

कार्बोरेटरच्या शंभर सीसी मोटरसायकलीचं उदाहरण घेऊ. मूठ फिरवायला सुरुवात केल्यापासून केबल ताणली जाईपर्यंत ती जराशी मोकळी फिरते. ही ढील मुठीच्या कडेवर मोजायची. साधारण दोन ते सहा मिलिमीटर असावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ढील जास्त असेल तर रेस उशिरा मिळते. ढीलच नसेल तर हँडल वळवताना केबल ओढली जाते आणि इंजिन आपोआप रेस पकडतं. अशा वेळी बरेचजण आयडलचा स्क्रू पिळतात. त्यानं खरा दोष झाकला जातो, म्हणून त्याला हात लावू नका.

मूठ अडकत असेल तर आधी कारण शोधा, ढील नंतर. इंजिन बंद ठेवा. ग्रिपवर चढवलेलं स्पंजचं कव्हर सरकून स्विचच्या डबीला घासतं, ही नेहमीची गोष्ट. ते काढून पाहा. तरी अडकली तर केबल मुठीपासून सोडवा. नुसती मूठ हलकी फिरली, पण केबल हातानं ओढल्यावर खरखरली, तर दोष केबलमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये. मग कार्बोरेटरकडचं टोकही सोडवा. आता केबल सुळसुळीत सरकली, तर दोष कार्बोरेटरच्या स्लाइडचा. ते काम मेकॅनिककडे द्या. केबल तरीही खरखरली, तर ती कुठे मुडपली आहे का आणि टाकीखाली दबली आहे का, हे पाहा. नुसती कोरडी असेल तर पातळ तेलाचे थेंब सोडा. ग्रीस नको, त्यात धूळ धरते. टोकाशी एखादी तार जरी तुटून उभी राहिलेली दिसली, तर केबल बदलाच.

आता ढील. हँडलजवळ किंवा कार्बोरेटरच्या टोपीवर अ‍ॅडजस्टर असतो. रबरी टोपण सरकवून लॉक नट सैल करा. अ‍ॅडजस्टर आत फिरवला की ढील वाढते, बाहेर काढला की कमी होते. समजा, ढील शून्य आहे: थोडा थोडा आत फिरवत चार मिलिमीटरवर आणा, अ‍ॅडजस्टर धरून ठेवून नट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना माप हलतं.

शेवटी गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. आवाज जराही वाढला तर ढील अजून कमी आहे किंवा केबल चुकीच्या वाटेनं गेली आहे. दोन्ही टोकांना मूठ फिरवून सोडा. दोन्हीकडे ती टक्कन मागे आली, तरच गाडी रस्त्यावर काढा.