सुरतेत स्टार्टअपसाठी पैसा मागायचाय? आधी चाचणीचा हिशेब मांडा

सुरत : लिंबायत, उधना, डिंडोलीत राहणाऱ्या खान्देशी घरांतली बरीच पोरं आता नोकरीऐवजी स्वतःचं काहीतरी उभं करायला बघतात. मग कुणीतरी सांगतं, "एसव्हीएनआयटीच्या इन्क्युबेटरमध्ये जा, सरकार पैसा देतं." पैसा मिळतो हे खरं, पण तो कशासाठी मिळतो हे कळलं नाही तर पहिल्याच फेरीत अर्ज बाजूला पडतो.

सुरतेच्या एसव्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचं 'आशाइन' नावाचं इन्क्युबेटर आहे. इन्क्युबेटर म्हणजे नव्या उद्योगाला मार्गदर्शक, प्रयोगशाळा, बसायला जागा आणि काही वेळा सुरुवातीचं भांडवल मिळवून देणारी संस्था. ती बँक नाही. देशभरात हा पैसा ज्या पद्धतीने दिला जातो, त्याचा नमुना म्हणजे 2021 मध्ये सुरू झालेली केंद्राची 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' योजना. तिच्यात नमुना बनवून त्याची चाचणी घ्यायला 20 लाखांपर्यंत अनुदान ठरवलं होतं, तेही टप्प्याटप्प्याने. एक टप्पा पूर्ण झाला की पुढचा हप्ता. कारखाना बांधायला हा पैसा वापरता येत नाही.

ही योजना चार वर्षांसाठी आखली होती. म्हणून सध्या कोणता निधी खुला आहे, हे इन्क्युबेटरला आधी विचारून घ्यावं. केंद्राचा निधी असेल तर नवापूर-नंदुरबारचा माणूसही सुरतेत विचारणा करू शकतो. राज्याच्या निधीला मात्र नोंदणी कोणत्या राज्यातली आहे, हे बघितलं जातं.

नोंदणीतच बरेच जण अडकतात. केंद्राच्या स्टार्टअप मान्यतेसाठी प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी चालते. एकट्याच्या नावावरची प्रोप्रायटरशिप चालत नाही. शिवाय सीड फंडाची अट होती की अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी. म्हणजे हातात काहीच तयार नसताना घाईने कंपनी काढली, तर मुदत तिथूनच संपत जाते.

आता पिच. समजा, एका तरुणाने लूमवर ताण्याचा धागा तुटला की दिवा लावणारं छोटं यंत्र बनवलंय. जुन्या साध्या लूमवर ताणा तुटला तरी लूम चालूच राहतो आणि कापडात रेघ पडते. "वस्त्रोद्योगात क्रांती" अशी सुरुवात केली तर परीक्षकाच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा हिशेब सांगावा.

24 लूमचा कारखाना, रोज लूममागे 60 मीटर, म्हणजे 1,440 मीटर कापड. त्यातलं 3 टक्के, साधारण 43 मीटर, सेकंडमध्ये जातं आणि मीटरमागे 4 रुपये कमी मिळतात असं धरू. महिन्याच्या 26 दिवसांत नुकसान जवळपास 4,500 रुपये. यंत्राने ते निम्मं केलं तर 2,250 वाचतात. यंत्र 1,200 रुपयांचं, म्हणजे 24 लूमना 28,800. पैसे वसूल व्हायला तेरा महिने.

इथे परीक्षक विचारणारच, "निम्मं होईल कशावरून?" याचं उत्तर म्हणजेच निधीची मागणी. चार लूमवर यंत्र, चारवर नाही. सूत तेच, कारागीर तोच, मुदत दोन महिने, आणि रोजच्या सेकंड मालाची वहीत नोंद. एवढ्याचा खर्च पहिल्या टप्प्यात मागायचा. फरक दिसला तर पूर्ण कारखान्यासाठी दुसरा टप्पा.

तीन मिनिटं मिळाली तर पहिलं मिनिट नुकसानीच्या हिशेबाला, दुसरं यंत्र दाखवायला आणि त्याची किंमत सांगायला, तिसरं चाचणी, खर्च आणि ती करणारी माणसं यांना द्यावं. लूम लावू द्यायला तयार असलेल्या कारखानदाराचं लेखी पत्र सोबत असावं. तोंडी "शेठ हो म्हणाले" याला वजन नसतं.

पिच कच्ची आहे की नाही, हे घरीच कळतं. कारखान्यातल्या कारागिराला ती ऐकवा आणि "किती मागितले, कशासाठी?" असं विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर परीक्षकालाही कळणार नाही.

आणखी एक. सीड फंड योजनेत निवडीसाठी किंवा पैसे देण्यासाठी अर्जदाराकडून कसलीही फी घ्यायला इन्क्युबेटरला मनाई आहे. "टक्केवारी द्या, मंजूर करून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे अर्ज न देता थेट इन्क्युबेटरचं ऑफिस गाठावं.